ध्रुवपदाच्या शेवटी चकवा द्यायचा होता, पण कोणी चकलंच नाही

मंद्रसप्तक
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आमचा पाच जणांचा बँड आहे, मी कीबोर्ड वाजवते. गाणी आम्ही स्वतःच करतो. सध्या एक संथ गाणं बसवतोय, मिनिटाला 84 ठोके, स्वर पांढरी एक. ध्रुवपद आठ बारचं आहे आणि त्याचे कॉर्ड असे:

सी । ए मायनर । एफ । जी
सी । ए मायनर । एफ, जी । सी

सातव्या बारमध्ये एफ आणि जी दोन-दोन ठोके आहेत. गायिकेची चाल तिथे म, रे, नी अशी उतरते आणि आठव्या बारच्या पहिल्या ठोक्याला सा लागतो. ध्रुवपद एकूण तीनदा येतं. तिसऱ्या वेळी शेवटच्या सी ऐवजी ए मायनर घ्यायचा, ऐकणाऱ्याला वाटावं की संपलं आणि संपूच नये, मग शेवटची ओळ पुन्हा घेऊन खरंखुरं संपवायचं, असं मनात होतं. डिसेप्टिव्ह कॅडेन्स म्हणतात तेच.

गेल्या रविवारी पन्नासेक लोकांसमोर वाजवलं. काहीच झालं नाही. लोकांना वाटलं ओळ दोनदा म्हटली, बस्स. घरी येऊन बहिणीला रेकॉर्डिंग ऐकवलं, तर ती म्हणाली, "कुठे काय बदललंय?" पुस्तकात लिहिलंय तसंच केलं होतं. चुकलं कुठे ते मनापासून समजून घ्यायचंय.

कॅपो३
सोपं आहे. मेजरच्या जागी अचानक मायनर आला की मन खट्टू होतं, तोच धक्का. तुमच्या गाण्यात तो पुरेसा उदास लागला नसेल. ए मायनर जरा गोडच वाटतो. ई मायनर घेऊन बघा, तो जास्त अंधारा आहे. मी गिटारवर जी नंतर बऱ्याचदा ई मायनर घेतो, छान लागतो.

तिरकिट
आमच्याकडे हे रोजचंच आहे. तिहाई समेवर येणार असं वाटायला लावायचं आणि एक मात्रा आधी किंवा नंतर आणून सोडायची, अनागत आणि अतीत. श्रोता मान हलवायला जातो आणि अडखळतो. तुम्ही पण शेवटचा ठोका अर्धी मात्रा पुढे ढकला, आपोआप चकतील.

वृंदगानवाली
अगदी जिव्हाळ्याचा विषय! आमच्या महिला मंडळाच्या वृंदगानात कोरसचा शेवट हीच मोठी डोकेदुखी आहे. मुख्य गायिका सा वर येऊन थांबते आणि मागच्या कोरसमधल्या बायका एकदम एक पायरी वर सरकतात. एकीला वाटतं अजून एक ओळ आहे, मग तिच्यामागून सगळ्याच जातात. स्पर्धेत परीक्षकांनी नेमकं तेच लिहिलं होतं. मी आता शेवटच्या ओळीला हात वर करून खूण करते. तुमच्या कोरसमध्ये किती जणी आहेत?

मंद्रसप्तक
@वृंदगानवाली ताई, मी कोरस म्हणजे ध्रुवपद म्हणत होते, मागे गाणाऱ्या नव्हे. मागे आमचे दोघंच आहेत, गिटारवाला आणि ड्रमर, आणि तेही फक्त शेवटच्या ध्रुवपदात.

@कॅपो३ ई मायनर आत्ताच वाजवून पाहिला. गायिका सा धरून असते तिथे तो कचकचतो.

व्हायोलिन_म्हापसा
कचकचणारच. ई मायनरमध्ये नी आहे आणि गायिका त्याला चिकटूनच वर सा धरून बसली आहे. गिटारवर नुसता वाजवताना कॅपो३ यांना तो छान लागतो, कारण तेव्हा वर कोणी सा धरलेला नसतो. चाल सा वर संपत असेल तर खाली असाच कॉर्ड हवा ज्यात सा आहे. ए मायनरमध्ये ध, सा, ग आहेत. सी मध्ये सा, ग, प. म्हणजे दोन स्वर तेच, बदलतो एकच: प जातो आणि ध येतो. याचं बळ आणि याचा दुबळेपणा, दोन्ही इथेच आहे. गायिकेला काही वेगळं करावं लागत नाही, ती इमानदारीत सा वर येते, आणि तिच्या पायाखालची जमीन तेवढी सरकते. पण सरकायला जागा एकाच स्वराची. तो एक स्वर नीट ऐकू आला नाही तर काहीच घडत नाही.

उदासपणाचा यात फारसा संबंध नाही. मायनर गाण्यातही हेच करतात, तिथे येणारा कॉर्ड मेजर असतो आणि तरीही माणूस चकतो.

आता मला तीन गोष्टी सांगा. तुमच्या उजव्या हातात त्या क्षणी कोणते स्वर होते? बेस गिटारवाल्याने काय वाजवलं? आणि पहिल्या दोन ध्रुवपदांचा शेवट कसा होतो?

पेटीतला_सूर
मी पेटीवाला, वय सत्तरीच्या पुढे, कॉर्ड वगैरे मला फार कळत नाहीत. पण तुमचं वर्णन वाचून आमच्या गावाकडचा चकवा आठवला. माणूस घराच्या वाटेवर असतो, दिवा दिसत असतो, आणि तरी पाय दुसरीकडेच पडतात. तुमच्या या इंग्रजी नावाला 'चकवा' म्हणायला माझी हरकत नाही.

एक शंका. आम्ही साथ करताना सा धरून ठेवतो, तानपुऱ्यातही सा आणि प सतत वाजत असतात. त्यावर तुम्ही ध आणलात तरी तो सा च्या अंगावर बसलेला ध. घर हललं असं वाटायचं कसं?

व्हायोलिन_म्हापसा
काका, नेमक्या जागी बोट ठेवलंत. खाली सा अखंड चालू असेल तर चकवा लागत नाही. सा, ग, प, ध हे चार स्वर एकत्र घेतले आणि सर्वांत खाली सा असला, तर कानाला तो सी च वाटतो, थोडा गोड केलेला. तेच चार स्वर, पण खाली ध असला, तर तो ए मायनर. स्वर तेच, निकाल खालचा स्वर लावतो.

अनाहूत
म्हणजे घर कोणाचं हे तळमजल्यावरचा भाडेकरू ठरवतो.

मंद्रसप्तक
माझ्या अंगावर काटा आलाय. आत्ताच रेकॉर्डिंगमधला बेसचा ट्रॅक वेगळा काढून ऐकला.

उजव्या हातात मी सा-ग-प तसाच ठेवला होता, सवयीने. डाव्या हातात ध. आणि बेसवाल्याने शेवटच्या बारमध्ये सा वाजवलाय! मी त्याला सांगितलं होतं, पण तालमीत नाही, गाडीत. म्हणजे व्हायोलिन_म्हापसा म्हणतात तो 'गोड केलेला सी' च वाजला. बहीण बरोबर होती, काही बदललंच नव्हतं.

पहिल्या दोन ध्रुवपदांचा शेवट साध्या जी-सी ने होतो. पण दुसऱ्यानंतर सी पूर्ण वाजतच नाही, तिथूनच गिटारचा सोलो सुरू होतो.

बेसलाइन_फ्रीमाँट
बेसवाल्यांच्या वतीने मीच बोलतो. आमचा हात सवयीने घरी जातो, ध्रुवपद संपलं की सा. तोंडी सांगून हे सुटत नाही. मी स्वतः अशा जागी कागदावर त्या बारभोवती लाल वर्तुळ काढतो, आणि त्या बारच्या आधीचा प कुठल्या बोटाने घ्यायचा तेही ठरवतो. प वरून ध ला सरळ दोन फ्रेट वर सरकायचं, मधे थांबायचं नाही. तो सरकलेला ऐकू येणं हाच अर्धा चकवा.

दुसरं. बहिणीला तुम्ही रेकॉर्डिंग मोबाइलवर ऐकवलं ना? बेस गिटारची मोकळी ए तार 55 हर्ट्झला वाजते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून तो मूळ स्वर जवळपास येतच नाही. तेव्हा बेसवाल्याने उद्या बरोबर वाजवलं, तरी मोबाइलवर ऐकणाऱ्याला तुमच्या उजव्या हातातला प च ऐकू येणार. म्हणून ध मधल्या पट्टीतही हवा. कीबोर्डवर प सोडून द्या, ध-सा-ग घ्या. गिटारवाल्यालाही सांगा की जी ची तिसरी तार मोकळी ठेवू नकोस, ए मायनर धरताना दुसऱ्या फ्रेटवर ती नीट दाबली गेली पाहिजे. मोकळी राहिली तर तिथून प झिरपतो.

कॅपो३
ई मायनरबद्दल पटलं, चाल मी लक्षातच घेतली नव्हती. पण मला वेगळीच शंका आहे. यांच्या ध्रुवपदात दुसऱ्या आणि सहाव्या बारमध्ये ए मायनर आधीच आहे. म्हणजे तीन ध्रुवपदं होईपर्यंत लोकांनी तो पाच-सहा वेळा ऐकलेला असतो. मग सातव्यांदा आल्यावर चकायचं कशाला?

व्हायोलिन_म्हापसा
@कॅपो३ हाच मुद्दा मी लिहायला बसलो होतो. आजकालच्या कितीतरी गाण्यांत चार कॉर्डचं चक्र फिरत राहतं, त्यात जी नंतर ए मायनर प्रत्येक फेरीत येतो. तिथे तो चकवा नसतो, ती रोजची वाट असते. चकायला आधी खात्री लागते. ऐकणाऱ्याच्या कानाला 'जी आला की आता सी' ही सवय लागलेली हवी.

मंद्रसप्तक, मी असं करून बघेन. दुसऱ्या आणि सहाव्या बारमधला ए मायनर काढून टाका. तिथे चाल कोणत्या स्वरांवर आहे?

मंद्रसप्तक
ग आणि प. दोन ठोके ग, दोन ठोके प.

व्हायोलिन_म्हापसा
मग तर कॅपो३ यांचा ई मायनर तिथे चपखल बसेल! त्यात ग, प, नी आहेत. आणि ए मायनर संपूर्ण गाण्यात राखून ठेवा, एकदाच वापरायचा. निदान ध्रुवपदात तरी.

दुसरी गोष्ट, दुसऱ्या ध्रुवपदाचा शेवट. तिथे सी ला पूर्ण एक बार द्या, सोलो त्यानंतर. आत्ता तुम्ही ऐकणाऱ्याला घर एकदाच नीट दाखवलंय.

तिसरी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी. सातव्या बारमध्ये एफ आणि जी दोन-दोन ठोक्यांचे आहेत. 84 च्या लयीत दोन ठोके म्हणजे दीड सेकंदसुद्धा नाही. एवढ्यात कानाला वाट बघायला वेळच मिळत नाही. शेवटच्या ध्रुवपदात ती जागा रुंद करा: एफ एक पूर्ण बार, जी एक पूर्ण बार. जी च्या बारमध्ये पहिले दोन ठोके नी च्या जागी सा धरा, म्हणजे सस फोर, आणि तिसऱ्या ठोक्याला नी वर उतरा. गायिकेने रे लांबवावा आणि तुमच्याबरोबरच नी वर यावं. नी उघडा ऐकू आला की खोलीतल्या प्रत्येकाला पुढचा सा मनातल्या मनात ऐकू येतो. तो सा येतोच. फक्त खाली ध असतो.

तिरकिट
अतीत-अनागत मी सुचवलं होतं त्याचं काय? ते यापेक्षा सोपं आहे.

पेटीतला_सूर
तिरकिट, माझ्या समजुतीप्रमाणे हे दोन वेगळे प्रकार आहेत. अनागतात स्वर आणि जागा बरोबर, वेळ चुकवलेली. इथे वेळ अगदी समेवर, गायिकेचा स्वरही बरोबर, आणि आधार बदललेला. दोन्ही एकदम केलं तर ऐकणाऱ्याला वाटेल वादकांचं चुकलं.

तिरकिट
काका, चुकलं असं वाटायचा धोका तर याच्यातही आहेच. आधार बदलला आणि बेसवाला घाबरत घाबरत वाजवू लागला, तर लोक चूकच म्हणणार. पण तुमचं म्हणणं समजलं. मी ड्रमच्या बाजूने विचार करतो. ड्रमरने त्या जी च्या बारमध्ये दर वेळी शेवटाला वाजवतो तीच फिल वाजवली पाहिजे, आणि समेवर झांज. वेगळी फिल वाजवली तर गोष्ट आधीच फुटेल.

वृंदगानवाली
ध्रुवपदाबद्दल आहे हे आता कळलं, क्षमस्व. पण मंद्रसप्तक, तुम्ही लिहिलंय की शेवटच्या ध्रुवपदात मागे दोघं गातात. ते त्या जागी काय गाणार? कारण आमच्या बायकांचं एक पायरी वर सरकणं मला इथेही दिसतंय.

व्हायोलिन_म्हापसा
ताई, तुम्ही खूप मोलाचं विचारलंत. मी लहानपणी आमच्या गावच्या चर्चमध्ये गायलोय आणि ही जागा तिथे आम्हाला घोटून घोटून शिकवली होती. जी कॉर्डमध्ये प, नी, रे असतात, आणि जी सेव्हन घेतला की वर म. सगळ्यांना वाटतं ध वर जायचं म्हणजे प्रत्येकाने एक पायरी वर चढायचं: प चा ध, रे चा ग. तसं केलं की अख्खा कॉर्ड शिडीवर उचलून ठेवल्यासारखा वाटतो. चकवा लागत नाही, नुसती जागा बदलल्यासारखं होतं.

बेस वर जातो, प चा ध. नी वर सा ला जातो, कारण त्याला तिथेच जायचं असतं. बाकीचे खाली उतरतात: रे चा सा, म चा ग. म्हणजे सा वर दोघं भेटतात. गायिका नी वरून सा वर येते. मागच्या दोघांपैकी एकाने रे वरून सा वर उतरावं, दुसऱ्याने म वरून ग वर. तिघांच्याही कानात 'आपण घरी आलो' हेच असतं, आणि खरंच आलेलेच असतात. न आलेला फक्त बेस.

आमचे सर म्हणायचे, बेस सोडून सगळ्यांनी शेवट गायचा. खरा शेवट गाताना जो विश्वास असतो तोच हवा. आवाजात जरासुद्धा 'बघा आता गंमत' असं आलं तर मजा गेली.

वृंदगानवाली
म्हणजे माझ्या बायकांना सांगायचं ते वर न जाता खाली उतरायचं. हे मी उद्याच करून बघते. आमच्याकडे बेस नाही, पेटी आहे. पेटीवाल्यांना खालचा ध धरायला सांगू का?

पेटीतला_सूर
सांगा, पण त्यांनी सा ची पट्टी त्या क्षणी सोडली पाहिजे. आम्हा पेटीवाल्यांना तेच जमत नाही. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताची करंगळी वरच्या सा वर, ती सुटता सुटत नाही. वरचा राहिला तर चालेल असं व्हायोलिनवाल्यांच्या बोलण्यावरून वाटतं, खालचा सा मात्र सुटायला हवा. आणि तानपुरा लावला असेल तर नाद सोडा.

अनाहूत
हे एखाद्या प्रसिद्ध रचनेत ऐकायला मिळेल का? शब्दांत वाचून कानाला कळत नाही.

व्हायोलिन_म्हापसा
बेटहोवनचा ओपस 81 ए, ई फ्लॅटमधला पियानो सोनाटा, 1809-10 सालचा. अगदी सुरुवातीचे तीन स्वर ऐका. आपल्या भाषेत ग, रे, सा. त्या तीन स्वरांवर त्याने 'लेबेवोल' हा शब्द अक्षरं फोडून लिहिलाय, म्हणजे निरोप. चाल सा वर येते आणि नेमका तिथेच डाव्या हातात खालून ध येतो. रचना सुरू होऊन काही सेकंदच झालेले असतात. ई फ्लॅट म्हणजे पांढरी एक नव्हे, तेव्हा पेटीवर वाजवून बघणार असाल तर सा काळी दोनवर धरा.

जर्मनमध्ये याला जे म्हणतात त्याचा अर्थ फसवा शेवट असाच होतो. फ्रेंच रामोने 1722 मध्ये याला तुटलेला शेवट म्हटलं. मला काकांचा चकवा दोन्हींपेक्षा आवडला, कारण फसवणारा त्यात कोणी नसतो.

कॅपो३
मला वाटतं शेवटच्या ध्रुवपदात हे करणं वाया घालवणं आहे. दुसऱ्या ध्रुवपदाच्या शेवटी करा. ए मायनर आला की तिथूनच सोलो किंवा नवा अंतरा सुरू, सोलो ए मायनरमध्येच. लोकांना वाटतं घरी पोचलो, आणि आपण दुसऱ्याच खोलीत उभे. शेवटी केलं तर पुढे काय करायचं ते सुचत नाही, परत तीच ओळ म्हणावी लागते.

व्हायोलिन_म्हापसा
चांगली जागा आहे, मी नाही म्हणणार नाही. पण मग तिसऱ्या ध्रुवपदाच्या वेळी लोक सावध असतात, तिथे पुन्हा जमत नाही. एकाच गाण्यात एकच. कुठे, ते गाण्यावर आहे. यांच्या गाण्यात शेवटची ओळ कसली आहे, तीच पुन्हा म्हणावीशी वाटते का, त्यावर ठरवा.

मंद्रसप्तक
शेवटची ओळ आईला उद्देशून आहे, 'येते गं' असं म्हणून संपते. म्हणूनच ती दोनदा हवी होती. पहिल्यांदा निघता येत नाही, दुसऱ्यांदा निघते.

बेसलाइन_फ्रीमाँट
हे आधी सांगितलं असतंत तर वाद झालाच नसता. शेवटीच ठेवा.

कॅपो३
हो, मग शेवटीच. दुसऱ्या ध्रुवपदाबद्दलचं माझं मत मात्र इतर गाण्यांसाठी कायम.

अनाहूत
एक प्रश्न. तुमच्या गाण्यांना तेच तेच लोक येतात ना? दुसऱ्यांदा ऐकताना त्यांना माहीत असणार की इथे ए मायनर येतो. मग चकवा उरतो का?

पेटीतला_सूर
मी एकच बंदिश चाळीस वर्षं ऐकतोय, आणि ठरलेल्या जागी मला दर वेळी तसंच होतं.

बेसलाइन_फ्रीमाँट
मला नाही होत. चौथ्या-पाचव्या वेळी मी ती जागा ओळखतो आणि बेस काय करतो एवढंच ऐकतो. बेसवाला असल्यामुळेही असेल.

मंद्रसप्तक
काल तालीम झाली. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

दुसऱ्या आणि सहाव्या बारमध्ये ई मायनर घातला. गायिकेला काही बदलावं लागलं नाही. ध्रुवपद थोडं उघडं झाल्यासारखं वाटतं, मला आवडलं. दुसऱ्या ध्रुवपदानंतर सी ला पूर्ण बार दिला. शेवटच्या ध्रुवपदाचा शेवट आता असा:

एफ । जी सस, जी । ए मायनर । ए मायनर । एफ । जी सस, जी । सी

ए मायनर दोन बार. पहिल्या बारमध्ये सगळे धरून ठेवतात, दुसऱ्यात गायिका श्वास घेऊन ओळ पुन्हा उचलते. आधी एकच बार ठेवला होता, पण तिला श्वासाला जागाच मिळेना आणि ओळ घाईत सुरू व्हायची.

बेसवाल्याने कागदावर लाल वर्तुळ काढलं. पहिल्या दोन वेळा तरीही सा च वाजवला! तिसऱ्या वेळी प वरून ध ला सरकला आणि आमचा ड्रमर वाजवता वाजवता वर बघायला लागला, त्याला माहीत असूनही. मागच्या दोघांपैकी गिटारवाल्याने रे वरून ग धरला होता, म्हणजे ताईंच्या बायकांसारखंच. त्याला सा वर उतरवल्यावर सगळं एकदम घट्ट बसलं. फरक इतका स्पष्ट होता की आम्ही दोन्ही प्रकार चार-पाच वेळा आलटून पालटून वाजवले.

मग एक प्रयोग केला. तालमीच्या खोलीबाहेर गिटारवाल्याचे वडील बसले होते, त्यांना आत बोलावलं. गाणं सुरुवातीपासून वाजवलं आणि जी च्या बारला थांबलो. म्हटलं, काका, पुढचा स्वर म्हणा. त्यांनी बिनदिक्कत सा म्हटला आणि उठायला लागले. मग पुन्हा वाजवलं, या वेळी न थांबता. ए मायनर आल्यावर ते अर्धवट उठलेले परत खुर्चीत बसले. काही बोलले नाहीत. शेवटचा सी वाजल्यावर म्हणाले, "मला वाटलं झालं."

मोबाइलवरचं रेकॉर्डिंगही बहिणीला ऐकवलं. या वेळी तिने मान वर केली. प सोडून मधला ध घेतल्यामुळे असावं.

वृंदगानवाली
वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्या काकांचं ते परत खुर्चीत बसणं.
आमच्या बायका खाली उतरल्या एकदाच्या. पेटीवाल्या काकूंची करंगळी मात्र सा वर आहे तशीच आहे.

कॅपो३
मंद्रसप्तक, आता एक धाडस करा. ए मायनरऐवजी ए फ्लॅट मेजर. त्यात सा आहेच, पण ध आणि ग दोन्ही कोमल. ए मायनर हा शेजारच्या घरचा दरवाजा असेल तर हा दुसऱ्या गावचा.

व्हायोलिन_म्हापसा
चालेल, आणि तो खरोखर अंगावर येतो. पण मागच्या दोघांपैकी जो म वरून ग वर उतरतो त्याला कोमल ग लावावा लागेल. शुद्ध ग राहिला तर कॉर्डमधल्या कोमल ग ला घासेल आणि ती चूकच वाटेल. गायिकेलाही सा वर थोडं जास्त ठाम राहावं लागेल, खाली इतकं हललं की आवाज डळमळतो. आईला 'येते गं' म्हणणाऱ्या ओळीला तेवढं मोठं हलणं हवं का, मला शंका आहे. मी ए मायनरवरच राहीन.

मंद्रसप्तक
पुढच्या तालमीत दोन्ही वाजवून बघतो. मला आत्ता तरी ए मायनरच जवळचा वाटतो, पण ड्रमरला ए फ्लॅट हवाय.

त्याचाच एक प्रश्न राहिलाय, @तिरकिट. ए मायनरच्या समेवर झांज वाजवल्यावर त्याने ठेका चालू ठेवायचा की दोन बार गप्प राहायचं? चालू ठेवला तर गाणं पुढे चाललंय हे लगेच कळतं. गप्प राहिला तर लोक टाळ्या वाजवायला लागतील अशी भीती वाटते.

तिरकिट
गप्प. टाळ्या आल्या तर येऊ देत, पहिल्या दोन-तीन टाळ्या पडून मधेच थांबणं यासारखी दाद नाही. पण दुसऱ्या बारच्या चौथ्या ठोक्याला हायहॅटवर एक हलका ठोका द्यायला सांगा, नाहीतर एफ वर सगळे एकत्र येणार नाहीत. संथ लयीत दोन बार मोकळे मोजणं कठीण असतं, चांगले चांगले घसरतात.

बेसलाइन_फ्रीमाँट
आणि त्या दोन बारमध्ये बेसवाल्याने ध एकदाच वाजवून धरून ठेवायचा. हात शिवशिवेल. त्याला सांगा, मी सांगितलंय.